बटणं इंग्रजीत असली तर Submit, घड्याळ आणि प्रश्नांचे नंबर कसे शोधायचे?

"माझं सगळं शिक्षण मराठीत झालंय. पुढच्या महिन्यात सोलापूरला संगणकावर परीक्षा आहे. प्रश्न मराठीत येतील म्हणे, पण बटणं इंग्रजीत असतात. वेळ कुठे दिसते, पुढच्या प्रश्नावर कसं जायचं, शेवटी सबमिट कुठे करायचं?"

मी सोलापुरातल्या एका केंद्रावर काही वर्षं पर्यवेक्षक होतो, म्हणून सांगतो. प्रश्नाच्या वर View in अशी एक छोटी यादी असते. तिथून मराठी निवडलं की फक्त प्रश्न आणि पर्याय मराठी होतात, बटणं आहेत तशीच राहतात. तेव्हा शब्द पाठ करत बसू नका, जागा पाठ करा. NTA म्हणजे केंद्र सरकारची परीक्षा घेणारी संस्था, तिच्या परीक्षांतली मांडणी सांगतो, बाकीच्या बऱ्याच ठिकाणीही थोड्याफार फरकाने हीच असते.

घड्याळ वर उजवीकडे. दर सेकंदाला कमी होत जाणारा आकडा पडद्यावर एकच असतो, तोच तुमचा उरलेला वेळ. त्याच्या खाली उजव्या पट्टीत प्रश्नांचे नंबर. उत्तर जतन झालं की नंबर हिरवा, प्रश्न उघडून उत्तर न देता सोडला की लाल, पुन्हा बघण्यासाठी ठेवला की जांभळा.

पोरं फसतात ती या नंबरांवर. अक्कलकोटहून आलेली एक मुलगी पर्याय निवडायची आणि थेट उजवीकडच्या पुढच्या नंबरवर क्लिक करायची. अर्ध्या तासाने तिने हात वर केला, "सर, सगळं लाल का दिसतंय?" चौदा प्रश्न सोडवले होते, जतन एकही नव्हता. नंबरवर क्लिक केल्याने नुसता प्रश्न बदलतो. उत्तर जतन होतं ते प्रश्नाच्या खाली असलेल्या Save & Next ने. बिचारीला चौदाही पुन्हा करावे लागले. म्हणून पहिला प्रश्न सोडवला की लगेच उजवीकडे बघा. एक नंबर हिरवा झाला असेल तर तुम्ही बरोबर बटण दाबलंय. Clear Response तेवढं सांभाळून, त्याने निवडलेलं उत्तर पुसलं जातं.

Submit नंबरांच्या पट्टीच्या खाली, उजव्या कोपऱ्यात. ते दाबल्यावर किती सोडवले, किती राहिले याचा तक्ता येतो आणि मग पुन्हा एकदा विचारतात. तक्त्यातला Answered चा आकडा तुमच्या हिशोबाशी जुळला तरच Yes, नाहीतर No दाबून परत या. काही परीक्षांत वेळ संपेपर्यंत हे बटण दबतच नाही. संगणक बिघडला असं समजू नका. घड्याळ शून्यावर आलं की पेपर आपोआप जमा होतो, आणि तोवर जतन केलेलं सगळं त्यात असतं.

NTA च्या साइटवर सराव परीक्षा फुकट आहेत. नेट कॅफेत बसून एक द्या, आणि त्यात एकदा मुद्दाम Save & Next न दाबता नंबरवर क्लिक करून बघा, लाल रंग कसा येतो ते.