ग्रॅड-कॅमचा लाल डाग पानाबाहेर पडतो तेव्हा

प्रश्न: कपाशीच्या पानांचे फोटो लाल्या, तुडतुडे आणि निरोगी अशा तीन गटांत ओळखणारे मॉडेल मी रेसनेट-50 या चित्रे ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कवर तयार केले आहे. चाचणीत 96 टक्के उत्तरे बरोबर येतात, पण मॉडेलने फोटोच्या कोणत्या भागाच्या आधारे ठरवले ते रंगांत दाखवणारा ग्रॅड-कॅम नकाशा काढला की बऱ्याच फोटोंत लाल डाग पानावर न पडता खालच्या मातीवर पडतो. कोड चुकला आहे की मॉडेलच चुकीचे शिकले आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर: मॉडेलला दोष देण्याआधी चित्र जुळवताना काही घसरले नाही ना, हे पाहा. मोबाइलचा 4000×3000 पिक्सेलचा आडवा फोटो आपण नेहमीच्या पद्धतीने आधी लहान करतो, म्हणजे त्याची छोटी बाजू 256 आणि लांब बाजू सुमारे 341 पिक्सेल होते, आणि मग मधला 224×224 चा चौकोन कापून मॉडेलला देतो. मॉडेलने पाहिला तो फक्त हा चौकोन. नकाशाही तेवढ्याच चौकोनाचा असतो, पण बरेच जण तो ताणून मूळ पूर्ण फोटोवर चढवतात. असे केले की चौकोनाच्या कडेला असलेला डाग फोटोच्या कडेला सरकतो, आणि आडव्या दिशेने ही घसरण फोटोच्या रुंदीच्या सुमारे 17 टक्के भरते. पानाच्या कडेवरचा डाग मातीवर जाऊन बसायला एवढे अंतर पुरेसे आहे. म्हणून नकाशा नेहमी मॉडेलमध्ये गेलेल्या कापलेल्या चौकोनावरच चढवा. उभ्या धरून काढलेल्या फोटोंची आणखी एक गंमत आहे: मोबाइल ते सरळ दाखवतो, पण कोडने उघडल्यावर ते आडवे पडलेले असू शकतात, त्यामुळे मॉडेलला नेमके काय मिळाले ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

हे जुळले की गणिताकडे वळू. ग्रॅड-कॅम 2017 मध्ये सेल्वराजू आणि सहकाऱ्यांनी मांडले, आणि त्याची रीत तशी साधी आहे. रेसनेट-50 च्या शेवटच्या कन्व्होल्यूशन थरातून 7×7 आकाराचे 2048 तक्ते बाहेर पडतात. फोटोवर सात ओळी आणि सात रकाने अशी 49 घरांची जाळी टाकली आहे असे समजा. प्रत्येक तक्ता कुठली तरी एक खूण कोणत्या घरात किती जोराने सापडली ते सांगतो. आपण विचारतो की एखादा तक्ता थोडा वाढला तर मॉडेल ‘लाल्या’ गटाला देते तो गुण किती वाढेल. हा वाढीचा दर म्हणजे ग्रेडियंट. त्याची 49 घरांवरची सरासरी हे त्या तक्त्याचे वजन ठरते, सगळे तक्ते आपापल्या वजनाने गुणून मिळवले जातात, आणि ऋण आकडे शून्य केले जातात. शेवटी हा 7×7 चा तक्ता ताणून 224 पिक्सेलचा केला जातो. पडद्यावर दिसणारा मऊ ढग या ताणण्यातून येतो. खरी माहिती 49 आकड्यांचीच आहे आणि एकेक घर 32 पिक्सेलचे आहे. पानाची शीर लाल झाली की शिरांमधला भाग, हे हा नकाशा सांगू शकत नाही.

रेसनेटमध्ये या थरानंतर फक्त सरासरी आणि एकच सरळ थर येतो, त्यामुळे आपला कोड तपासायला एक पक्का ताळा मिळतो. ऋण आकडे पुसण्याआधी 49 घरांची बेरीज घेऊन त्यात त्या गटाचा बायस, म्हणजे शेवटच्या थरात मिळवला जाणारा स्थिर आकडा, मिळवला, तर मॉडेलने दिलेला गुण जसाच्या तसा परत यायला हवा.

```python
model.eval()
x = x.clone().requires_grad_(True)
acts = {}
h = model.layer4.register_forward_hook(
    lambda m, i, o: acts.update(a=o))
logits = model(x)
g = torch.autograd.grad(logits[0, c], acts["a"])[0]
w = g.mean(dim=(2, 3), keepdim=True)
raw = (w * acts["a"]).sum(dim=1)[0]
h.remove()
print(raw.sum() + model.fc.bias[c], logits[0, c])
cam = torch.relu(raw).detach()
```

छापलेले दोन आकडे दशांशाच्या चारदोन स्थानांपर्यंत जुळले, तर नकाशा काढण्याचा कोड बरोबर आहे. जुळले नाहीत, तर बहुधा गटाचा क्रमांक `c` दोन ठिकाणी वेगळा आहे, किंवा ग्रेडियंट कच्च्या गुणाऐवजी, गुणांचे संभाव्यतेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टमॅक्सनंतरच्या संभाव्यतेचा घेतला आहे. ही दुसरी चूक फार आढळते. मॉडेल 0.99 इतके ठाम असताना सॉफ्टमॅक्सचा ग्रेडियंट शून्याजवळ जातो, आणि शिवाय इतर गटांचे गुणही त्यात मिसळतात. तुम्ही शेवटच्या सरळ थराच्या, म्हणजे `fc` च्या, जागी दोन-तीन थर बसवले असतील तर मात्र हा ताळा लागू होत नाही. `model.eval()` विसरल्याची चूकही या ताळ्यात पकडली जात नाही. ती विसरली तर बॅच नॉर्मलायझेशन त्या एकाच फोटोची सरासरी धरून चालते, आणि नकाशा तुम्ही चाचणी घेतलेल्या मॉडेलचा राहत नाही.

रंगांबद्दलही एक सांगायला हवे. जवळजवळ प्रत्येक तयार कोड नकाशाला त्याच्या स्वतःच्या सर्वांत मोठ्या आकड्याने भागतो, त्यामुळे प्रत्येक फोटोत कुठे ना कुठे गडद लाल दिसणारच, मग आधार भक्कम असो की नावापुरता. `cam.max()` छापून पाहा. एका फोटोत तो 0.6 आणि दुसऱ्यात 0.03 असेल, तर दुसऱ्यातला लाल डाग जवळजवळ रिकामा आहे. एका गटाच्या सर्व फोटोंना एकच रंगमापन लावले की असे फसवे डाग आपोआप फिके पडतात.

आता समजा, हे सगळे पार पडले आणि डाग तरीही मातीवरच आहे. तरी मॉडेल मातीकडे बघून ठरवते असे लगेच म्हणता येत नाही, कारण एवढ्या खोल थरातल्या एका घराला फक्त आपल्या 32 पिक्सेलपुरते दिसत नाही. गणिताने पाहिले तर 224 पिक्सेलचा जवळजवळ सगळा फोटो त्याच्या टप्प्यात येतो. शेजारच्या घरातल्या पानाची माहिती मातीच्या घरात झिरपलेली असू शकते. नकाशा संशय कुठे घ्यायचा ते दाखवतो. त्याचा निकाल लावायला ती जागा झाकूनच पाहावी लागते.

मला हे माझ्याच चुकीतून कळले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात मी गुलाबी बोंडअळीने किडलेली आणि निरोगी बोंडे ओळखणारे मॉडेल केले होते. अळी बोंडाच्या आत असते, त्यामुळे किडलेले प्रत्येक बोंड आम्ही हातात धरून, अंगठ्याने फोडून त्याचा फोटो काढला होता. निरोगी बोंडे फोडायचे काही कारणच नव्हते, म्हणून ती पऱ्हाटीवर असतानाच टिपली. चाचणीत 97 टक्के आले. दिवाळीआधी शेजारच्या वावरात नेले, तर फोडून दाखवलेले प्रत्येक बोंड ते किडलेलेच म्हणू लागले, अगदी आत पांढरीशुभ्र सरकी असली तरी. आमचा सालदार शांतपणे म्हणाला, “भाऊ, हे तं हात पायते, बोंड पायतच नाही.” घरी येऊन ग्रॅड-कॅम काढले, तर बहुतेक फोटोंत लाल डाग डाव्या खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखावर होता.

मग एक फोटो घेऊन मी असे केले. त्या फोटोला ‘किडलेले’ची संभाव्यता 0.98 होती. अंगठ्याची चार घरे झाकली तर ती 0.31 वर आली. अंगठा तसाच ठेवून अळीने पोखरलेली पाकळी झाकली, तर ती 0.96 वरच राहिली. झाकताना काळा चौकोन वापरू नका, कारण काळा चौकोन ही मॉडेलने कधी न पाहिलेली नवीच वस्तू असते आणि गुण तिच्यामुळेही घसरू शकतो. प्रशिक्षणातल्या फोटोंचा सरासरी रंग भरा किंवा तो भाग दाट धूसर करा, आणि तेवढ्याच आकाराचा चौकोन तिसऱ्या एखाद्या निरुपद्रवी जागीही ठेवून पाहा, म्हणजे निव्वळ झाकण्याने किती फरक पडतो ते वेगळे काढता येईल. माझ्या फोटोत आभाळाचा तुकडा झाकल्यावर 0.97 आले, म्हणजे 0.31 पर्यंतची घसरण अंगठ्यामुळेच होती. शेवटची खात्री उलट बाजूने केली: साठेक निरोगी बोंडे हातात धरून फोडली आणि त्यांचे फोटो दिले. त्यांतली पन्नासहून अधिक ‘किडलेली’ ठरली.

उपाय कोडमध्ये नव्हता. दोन्ही गटांची बोंडे हातात, गोणपाटावर आणि धुऱ्यावर अशी सगळीकडे ठेवून पुन्हा फोटो काढले, आणि एका वावरातले सगळे फोटो एक तर प्रशिक्षणात किंवा चाचणीत, असे वावरानुसार वाटले. चाचणीतली अचूकता 97 वरून 88 वर उतरली, पण अनोळखी वावरातले हसे थांबले. नव्या मॉडेलच्या नकाशात डाग पाकळ्यांवर होता.

तुमच्या बाबतीत मातीचा संशय मला रास्त वाटतो. लाल्या बोंडे भरण्याच्या वेळी, पाऊस ओसरल्यावर दिसतो, तर निरोगी पानांचे फोटो अनेकदा आधीच्या महिन्यांत, ओल्या काळ्या जमिनीवर घेतलेले असतात. तुमच्या फोटोंच्या तारखा गटवार लावून पाहा. लाल्याच्या फोटोंत भेगाळलेली, फिकट जमीन आणि निरोगी फोटोंत ओली जमीन असेल, तर मॉडेलला पानाकडे पाहण्याची गरजच उरलेली नाही.

डाग पानावर आला म्हणजे काम झाले, असेही मानू नका. लाल्यात, विशेषतः मॅग्नेशियमच्या कमतरतेमुळे आलेल्या लाल्यात, शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. तुडतुड्यांत कडा पिवळ्या पडून मग लाल होतात आणि पान खाली वळते. दोन्हींत लाली पानाच्या कडेपर्यंत येऊ शकते, त्यामुळे ‘लाल्या’ आणि ‘तुडतुडे’ दोन्हींचे नकाशे एकाच कडेवर जवळजवळ सारखे पडतील. मॉडेलने वळण पाहिले की नुसता लाल रंग, हे त्यातून कळणार नाही. अशा जोडीसाठी मी दोन गटांच्या गुणांमधल्या फरकाचा, म्हणजे `logits[0, a] - logits[0, b]` चा, ग्रेडियंट घेतो. दोन्हींना सारखाच आधार देणारी घरे त्यात एकमेकांना खोडतात आणि एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त उचलणारी घरे तेवढी उरतात. वरचा ताळा इथेही चालतो, फक्त दोन्ही बायसचा फरक घ्यायचा.

चौकोनावर चढवलेला नकाशा, `cam.max()` आणि माती झाकल्यानंतरची संभाव्यता, हे तिन्ही गटांच्या दहा-दहा फोटोंसाठी काढून इथे टाका, मग पुढचे पाहू.