स्थिर बिंदूच नाही, मग फंक्शन फिरतं कशाभोवती?

प्रश्न: f(x) = (x−3)/(x+1) हे फंक्शन तीनदा लावलं की x परत मिळतो. पण f(x) = x सोडवायला गेलं तर x² = −3 येतं, म्हणजे स्थिर बिंदूच नाही. मग हे चक्र येतं कुठून? आणि f 2024 वेळा लावलं तर काय मिळेल?

स्थिर बिंदू "नाही" म्हणू नका. ते दोन आहेत, i√3 आणि −i√3, आणि चक्र त्यांच्यामुळेच येतं.

अकरावीत असताना नेमकं हेच फंक्शन चाचणीत आलं होतं. तीनदा लावून x मिळतो हे दाखवा आणि कारण द्या, पाच गुण. आकडेमोड मी केली (2 पासून निघालात तर −1/3, मग −5, मग परत 2) आणि कारण म्हणून हे दोन संमिश्र स्थिर बिंदू लिहिले. त्यावर तांबडी रेघ आणि समासात "अप्रस्तुत". दोन गुण मिळाले. मी सरांना जाऊन विचारलं, तर ते म्हणाले, "जो बिंदू संख्यारेषेवर नाहीच, त्याचा रेषेवरच्या संख्यांशी संबंध काय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. त्यांनी वही बंद करून माझ्या हातात दिली.

संबंध काय, ते बीएस्सीला गेल्यावर कळलं. एका स्थिर बिंदूला p म्हणा, दुसऱ्याला q, आणि x च्या जागी w = (x−p)/(x−q) ही नवी संख्या घ्या. (ax+b)/(cx+d) अशा रूपाच्या कोणत्याही फंक्शनला दोन वेगळे स्थिर बिंदू असले की f लावणं म्हणजे w ला एका ठरावीक संख्येने गुणणं, एवढंच उरतं. ती संख्या k = (a−cp)/(a−cq). इथे a = 1, c = 1, म्हणून k = (1−i√3)/(1+i√3). हिची लांबी 1 आहे आणि कोन −120°. तीनदा गुणलं की −360°, म्हणजे जिथून निघालो तिथेच.

आता सरांच्या प्रश्नाकडे या. x वास्तव असेल तर तो p आणि q या दोघांपासून सारख्याच अंतरावर असतो, कारण ते रेषेच्या वर आणि खाली समोरासमोर आहेत. म्हणून w ची लांबी नेहमी 1 येते. अख्खी संख्यारेषा वाकून एक वर्तुळ होते, तिची दोन टोकं w = 1 पाशी जुळतात, आणि f त्या वर्तुळाला एक तृतीयांश फेरा देतं. p कुठे गेला? w = 0 वर, वर्तुळाच्या मध्यभागी. फिरणाऱ्या चाकाचा आस धावेवर कधीच सापडत नाही. म्हणूनच रेषेवर स्थिर बिंदू मिळत नाही! तो वास्तव नसणं हाच फिरण्याचा पुरावा आहे. माझं उत्तर अप्रस्तुत नव्हतं; चक्राचं कारण तेच होतं.

याउलट (x+2)/(x+1) घ्या. इथे स्थिर बिंदू ±√2, दोन्ही रेषेवरच. 1 पासून सुरू करा: 3/2, 7/5, 17/12, 41/29… हे √2 कडे सरकत राहतं, फिरून परत येत नाही.

तेव्हा विवेचक ऋण आला की "मूळ नाही" लिहून पुढे जाऊ नका, आणि कुणी तसं शिकवत असेल तर हटकून विचारा.

मात्र उलट बाजू खरी नाही, हे सांगायला हवं. संमिश्र स्थिर बिंदू म्हणजे फिरणं नक्की, पण चक्र पुरं होईलच असं नाही. (x−2)/(x+1) मध्ये कोन सुमारे 109.47° येतो आणि 0, −2, 4, 2/5, −8/7, 22… असं ते कधीच जुळत नाही. ओळखायचं असेल तर (a+d)²/(ad−bc) काढा. ही किंमत 2 + 2cosθ इतकी असते, θ म्हणजे k चा कोन. सहगुणक परिमेय असतील तर 0, 1, 2, 3 यांपैकी काही आलं तरच चक्र पुरं होतं, अनुक्रमे 2, 3, 4 आणि 6 पावलांत. तुमच्या फंक्शनला 4/4 = 1. (0 आलं तर स्थिर बिंदू वास्तव असले तरी दोन पावलांचं चक्र येतंच, तो एक अपवाद.)

2024 ला 3 ने भागून बाकी 2 उरते, तेव्हा f दोनदा लावा: (x+3)/(1−x). फक्त x = 1 आणि x = −1 वगळा. 1 वरून −1 येतं आणि तिथे छेद शून्य होतो. सरांनी इथे गुण कापले असते तर मी गप्प बसलो असतो, कारण ही अट मी लिहिली नव्हती. पण वर्तुळावर पाहिलं तर तिथेही काही तुटत नाही: −1 वरून अनंत, अनंतावरून 1, 1 वरून परत −1. तिघंही एकमेकांपासून बरोबर 120° वर आहेत.