आधी वरण-भातच का?

"आई, बाबांना यायला नऊ वाजतात. चिनू-सईला रोज वरण-भातच का द्यायचा? नूडल्स का नाही? आणि पानात आधी तोच का?"

राजा,

प्रश्न जरा लागला, पण खोटा नाही. आपल्याकडे पान वरण-भातानं सुरू होतं आणि ताकभातानं संपतं, एवढंच मला माहीत. का, ते आजीनंही कधी सांगितलं नाही. मी इथून हट्ट धरणार नाही. नूडल्स शुक्रवारी करा. बाकीच्या दिवशी हे कर. मावशीबरोबर लिहून पाठवतेय, फ्रिजवर लाव.

पाऊण वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजव. मग ते पाणी ओतून दीड वाटी ताजं पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग घाल. मीठ आत्ता नको, शिजल्यावर. दीड वाटी इंद्रायणी धुऊन दुसऱ्या डब्यात घे, त्यात पावणेतीन वाट्या पाणी. हा तांदूळ मुळातच चिकट. पाणी जास्त झालं की गिचका होतो आणि सई तोंड वाकडं करते.

कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी घालायचंच. डब्यात पाणी आहे म्हणून तळाचं विसरतात, मग तळ करपतो. डाळ खाली, भात वर. तीन शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग सात मिनिटं बारीक. गॅस बंद केल्यावर झाकण ओढू नकोस. दाब उतरला की ते आपणहून सैल होतं. पाच मिनिटं झाली तरी शिट्टीच येत नसेल आणि कडेनं वाफ जात असेल, तर रिंग नीट बसलेली नाही. गॅस बंद करून निवू दे, मगच उघड.

डाळ बोटांत दाबून बघ. मधे कण लागला तर अजून दोन शिट्ट्या दे. जुनी डाळ असं करते. शिजली की रवीनं घोट, वाटीभर गरम पाणी, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून एक उकळी आण. गार पाण्यानं चव जाते, असं आपलं मला वाटतं. वरण थंड झालं की आणखी घट्ट होतं, म्हणून उकळताना थोडं पातळच ठेव.

कुकर निवेपर्यंत बटाट्याच्या काचऱ्या. तीन बटाटे, पातळ काप, पाण्यात ठेव म्हणजे काळे पडत नाहीत. पण टाकण्याआधी फडक्यावर कोरडे कर, नाहीतर तेल अंगावर उडतं. दोन पळ्या तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, हळद आणि लगेच काप. हळद एकटी तेलात राहिली तर जळते आणि कडू लागते. झाकण नको, मीठही शेवटी. आधी घातलं तर पाणी सुटून काचऱ्या मऊ पडतात. तिखट घालायचं ते चिनूच्या वाट्याच्या काचऱ्या वेगळ्या काढल्यावर.

भाताच्या मुदीवर वरण, त्यावर चमचाभर तूप, लिंबू. सईचं लिंबू बिया काढून पिळ. बाबांचा भात डब्यातच झाकून ठेव.

आई