तुझ्या तक्त्याचे तीन रकाने

हरिपूर, सांगली

चि.,
अनेक आशीर्वाद.

निबंधस्पर्धेचा तू केलेला तक्ता मिळाला. प्रत्येक निबंधापुढं म्हणी किती, वाक्प्रचार किती, बोलीतले शब्द किती, आणि शेवटी बेरीज. बेरीज मोठी तर निबंध पोरानं लिहिला, शून्य तर यंत्राकडून लिहून घेतला, असा तुझा हिशेब. मेहनत घेतलीस, पण या बेरजेवर कुणाचं नाव खोडू नकोस.

म्हणींचा रकाना तर आधीच काढून टाक. म्हणी पाठ्यपुस्तकात आहेत, स्पर्धापरीक्षांच्या गाईडात आहेत, मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातसुद्धा आहेत आणि तो कोश कधीचाच संगणकावर आलाय. यंत्र शिकतं ते अशाच मजकुरावर, त्यामुळं म्हण ही त्याला सगळ्यात सोपी. पहिल्या निबंधात सात म्हणी आहेत, सातही अख्ख्या आणि प्रत्येकीच्या मागोमाग तिचा अर्थ. बोलणारा माणूस ‘नाचता येईना’ एवढंच म्हणून थांबतो, वाकडं अंगण ऐकणाऱ्याला आपोआप दिसतं. म्हणून हा निबंध मला यंत्राचा वाटला. मग आठवलं, ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हे पोरांना आपणच घोकून घेतो. त्या वळणाचं पोरगं हुबेहूब असंच लिहिणार.

वाक्प्रचारात थोडं जास्त हाताला लागतं. त्याच निबंधात ‘आमच्या गावात गुणवंत विद्यार्थ्यांचे पेव फुटले आहे’ असं वाक्य आहे. पेव म्हणजे काय हे हरिपुरात राहून मी तुला सांगायला नको. जमिनीत खणलेलं कोठार, वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, खाली पोट फुगलेलं, आत हळद. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि हा सगळा कारभारच मोडत गेला. पण वाक्प्रचार राहिला, तो वर्तमानपत्रांत. तिथं पेव कशाचं फुटतं? क्लासेसचं, बेकायदा बांधकामांचं, फ्लेक्सबोर्डांचं. नको असलेली गोष्ट उदंड झाली की पेव फुटतं. गुणवंतांचं फुटत नाही. अर्थ बरोबर आणि चव चुकलेली, असं झालं की लिहिणाऱ्यानं तो शब्द यादीतून उचलला असं समज. यंत्रानं उचलला की पोरानं, हे मात्र त्यातून कळत नाही. आपल्या गावचे निम्मे तरुण आता पेव न बघता मोठे झालेत.

आता बोली. तुझ्या तक्त्यात सगळ्यात जास्त गुण मिळालेलं वाक्य हे: ‘लई भारी गड्या, माझा आज्जा पहाटेपासून वावरात काम करून राहायचा अन् मले बी संगं न्यायचा.’ पोरगं तासगावचं म्हणून नोंद आहे. जरा सावकाश वाच. ‘लई’, ‘गड्या’, ‘आज्जा’ आपल्याकडचे. ‘वावर’ मराठवाड्यात, विदर्भात, नगर-नाशकाकडं ऐकू येतं. आपण ‘रान’ म्हणतो, आणि ‘आज्जा रानात गेलाय’ म्हटल्यावर कुणाला जंगल आठवत नाही. ‘मले’ आणि ‘काम करून राहायचा’ ही तर सरळ विदर्भाची ठेवण. म्हणजे ‘गावाकडची भाषा’ अशी एकच एक भाषा असते असं समजून कुणीतरी हे शिवलंय. शब्द उसना घेता येतो, पण ‘मला’चं ‘मले’ होणं हे व्याकरण आहे. ते एका घरात सहसा एकसारखं असतं, म्हणून आधी तिथं बघावं.

सहसा म्हणालो. आई यवतमाळची आणि बाप तासगावचा असला, तर पोराच्या तोंडी हीच मिसळ येईल. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या टोळ्यांची पोरं आपल्या शाळांत बसतात, ती ‘वावर’च म्हणणार. साताऱ्याकडं फौजेतल्या माणसांची घरं कितीतरी. ती पोरं चार गावांचं पाणी पिऊन आलेली असतात. तेव्हा हे वाक्य संशयाला पुरतं, निकालाला पुरत नाही.

आता तुझ्याकडं शून्य मिळालेला निबंध काढ. भाषा अगदी पुस्तकी, मध्येच हे वाक्य: ‘लाईट रात्रीची असल्यामुळे बाबा दारं धरायला गेले होते, त्यामुळे माझा अभ्यास घ्यायला कोणी नव्हते.’ दारं म्हणजे घराची दारं नव्हेत. पाटाचं पाणी एका सरीत भरलं की तिचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, रात्रभर. मोटरीची लाईट रात्रीची असली की हे काम रात्रीच. तुझ्या डोळ्यांना हा बोलीतला शब्द वाटलाच नाही, कारण लिहिणाऱ्यालाही तो बोलीतला वाटलेला नाही. त्यानं शुद्ध लिहायची पराकाष्ठा केली, ‘न्हाई’ला ‘नाही’ केलं आणि हा शब्द निसटला. ‘लई’, ‘गड्या’ हे सिनेमानं आणि रील्सनी गावभर केलेले शब्द. ते मिरवायला घेतात. मी शोधतो ते मिरवलेले सोडून निसटलेले शब्द.

तेही भरवशाचं नाही, हे ऐकून ठेव. ‘दारं धरणं’ शेतीच्या मासिकांत छापून येतं. ज्याला माहीत आहे तो यंत्राला तेवढं वाक्य घालायला सांगू शकतो. आणि निसटलेला शब्द नसणं हा तर पुरावाच नव्हे. याची किंमत मी एकदा दुसऱ्याला मोजायला लावलीय. यंत्रं यायच्या खूप आधी एका मुलीचा निबंध मी बाद केला. इतकं स्वच्छ लेखन, एक शब्द घरचा नाही, म्हणजे बापानं लिहून दिला असं ठरवलं. पुढं कळलं की ती जतकडची, घरात कानडी. मराठी ती पुस्तकातूनच शिकली होती, मग घरचा मराठी शब्द निसटणार कुठून? ती पुढं भेटली तेव्हा काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

म्हणून तक्ता एवढ्यापुरताच वापर, की कुणाशी बोलायचं ते ठरेल. पोराला बोलाव, निबंध बाजूला ठेव आणि भाषेबद्दल काही विचारू नकोस. ‘दारं धरताना सरी फुटली तर बाबा काय करतात?’ असं विचार. ज्यानं बघितलंय तो हातानं दाखवायला लागेल. तासगावच्या पोराला ‘आज्जा रानात काय पिकवतो?’ एवढं विचारून आई कुठली ते बोलण्यातून काढ. कुणी गप्प बसलं तर लगेच चोर ठरवू नकोस, काही पोरं मास्तरापुढं गप्पच असतात.

रविवारी ये. तक्ता नको, झेरॉक्सही नकोत, मूळ वह्या आण. शून्यवाल्या निबंधात ‘उसाला पाणी दिलं’ असं आहे, आणि त्या ‘दिलं’खाली काहीतरी खोडल्यासारखं वाटतंय. माझ्या अंदाजानं तिथं आधी ‘पाजलं’ होतं.

तुझा,
मास्तर