दार वाजण्याआधीचे आठ दिवस

प्रश्न: चांगलं काही घडलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तासाभरात मन पुढच्या कामाला लागतं. सगळे म्हणतात, क्षणाचा आनंद घ्या. घ्यायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर:

क्षणापासून सुरुवातच करू नका. तो आला की आपण गडबडीत असतो, त्यामुळे ऐन वेळी आस्वाद घेणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे. त्याआधीचे दिवस हाताशी असतात, ते आधी वापरा.

मी मानसशास्त्र शिकवते. या विषयावर शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातल्या फ्रेड ब्रायंट यांनी बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं, की आनंद होणं वेगळं आणि झालेल्या आनंदात रमता येणं वेगळं. हे रमणं तीन काळांत चालतं: गोष्ट घडण्याआधी, घडताना आणि घडून गेल्यावर. तिन्ही सगळ्यांना सारखे जमतात असं नाही. मला आठवणीत रमता येतं, पण वाट बघणं कित्येक वर्षं जमत नव्हतं. वाट बघण्याच्या नावाखाली मी तयारी करत बसायचे.

वाट बघण्याला स्वतःची गोडी असते, हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1987 साली एका गमतीदार प्रश्नातून दाखवलं. विद्यार्थ्यांना विचारलं, तुमच्या आवडत्या चित्रपट कलाकाराचं चुंबन मिळणार असेल तर किती पैसे मोजाल? लगेच मिळालं तर किती, तीन तासांनी किती, तीन दिवसांनी किती, अगदी दहा वर्षांनी किती? सगळ्यात जास्त किंमत लगेचच्या चुंबनाला मिळायला हवी होती. ती मिळाली तीन दिवसांनंतरच्या चुंबनाला. मधल्या तीन दिवसांत वाट बघण्याची गोडीही त्यांना हवी होती. दहा वर्षांनंतरच्या चुंबनाला मात्र तेवढी किंमत मिळाली नाही. ओढ लागायला गोष्ट टप्प्यात दिसावी लागते.

आता माझी गोष्ट. माझी मोठी बहीण परदेशी असते. मागच्या खेपेला ती तीन वर्षांनी चार दिवसांसाठी येणार होती. मी त्या चार दिवसांचं वेळापत्रक आखलं आणि मनात सारखं एकच चालू ठेवलं, की या वेळी किती मजा येईल! ती आली, दमलेली होती, पहिला दिवस झोपली. मी दर तासाला स्वतःला तपासत होते: येतेय का मजा? नव्हती येत. चौथ्या दिवशी ती गेली तेव्हा परीक्षा संपल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

यात दोन चुका होत्या. मी वाट बघत नव्हते, मी आनंदाचं माप ठरवून ठेवलं होतं. आणि चालू असताना ते माप सारखं लावून बघत होते. जोनाथन स्कूलर, डॅन एरिअली आणि लोवेनस्टाइन यांनी 2003 साली हाच प्रकार प्रयोगात पाहिला. काहींना संगीत ऐकताना शक्य तितकं खूश व्हायचा प्रयत्न करा असं सांगितलं, तर उलट नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांचाच मूड खालावला.

यंदा ती पुन्हा चार दिवसच आली. येण्याच्या आठ दिवस आधीपासून मी रात्री दिवा मालवल्यावर पाचेक मिनिटं एकच तुकडा डोळ्यांपुढे आणायचे. नियम एकच: जे नक्की होणार तेवढंच घ्यायचं, आणि तेव्हा मला कसं वाटेल याबद्दल काही ठरवायचं नाही. एका रात्री फक्त तिचं दार वाजवणं. ती बेल असताना कधीच बेल वाजवत नाही, बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक करते आणि उघडायच्या आत बोलायला लागते. दुसऱ्या रात्री तिची चप्पल, एक पालथी, एक सुलटी. तिसऱ्या रात्री तिचं ते अर्धवट वाक्य, जे पूर्ण करायचं काम लहानपणापासून माझं. बस, एवढंच. आठव्या दिवशी खरंच टकटक झाली तेव्हा मी दाराशी दोन सेकंद थांबले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा झाला होता. आधी मनात घोळवून ठेवलेल्या बारीकसारीक गोष्टी समोर आल्या की नजर तिथे आपोआप थांबते. तुम्ही विचारलंत तो 'आनंद घेणं' मला इतकंच कळलंय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गप्पा मारत होतो आणि मनात आलं, उद्या ही जाणार. ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक चांगल्या प्रसंगी काय काय करतात याची यादी केलीय. त्यात आनंदावर विरजण घालणारे विचारही आहेत: हे याहून चांगलं होऊ शकलं असतं, उद्या कामं आहेत, आता संपणारच. पण त्याच यादीत 'हे फार वेळ टिकणार नाही' ही जाणीव आस्वाद वाढवणारी म्हणूनही आहे. मग फरक कशात? माझ्या मते, विचार तुम्हाला कुठे नेऊन सोडतो त्यात. 'उद्या जाणार' म्हणताना मी विमानतळावर पोचले असेन तर विरजण पडलं. तोच विचार मला परत तिच्याकडे वळवत असेल तर कामाचा. जेमी कर्ट्झ यांच्या 2008 च्या अभ्यासात पदवी संपायला सहाएक आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना उरलेला काळ अगदी थोडा वाटेल अशा तऱ्हेने त्याबद्दल लिहायला लावलं होतं. दोन आठवड्यांत तेच अधिक आनंदी दिसले, शिवाय उरलेल्या दिवसांत कॉलेजातल्या गोष्टींत जास्त भागही घेऊ लागले. मीही त्या संध्याकाळी भांडी तशीच ठेवली आणि बसून राहिले.

नंतरच्या काळाबद्दल थोडक्यात. आठवण उगाळा, पण उकलू नका. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी 2006 साली लोकांना आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या दिवसाबद्दल लिहायला किंवा विचार करायला सांगितलं. काहींनी तो जसाच्या तसा पुन्हा जगला, काहींनी तो असा का झाला याची चिरफाड केली. चिरफाड करणारे नंतर समाधानात मागे पडले. दुःखाचं मात्र उलटं असतं: ते लिहून, बोलून उकललं की हलकं व्हायला मदत होते. तुम्ही विश्लेषक स्वभावाचे असाल (प्रश्नावरून वाटताय) तर ही सवय तुम्हाला इथे नडेल.

आणि एक गोष्ट पाहून ठेवा. पूर्वी ज्याची ओढ लागायची त्यातलं काहीच दोनेक आठवडे हवंहवंसं वाटत नसेल, तर वरच्या युक्त्या करत बसू नका. ओढच न वाटणं हे नैराश्याचं लक्षण असू शकतं, आणि तेव्हा डॉक्टरांशी बोलावं लागतं. तुम्हाला 'तेवढ्यापुरतं बरं वाटतं' म्हणजे तुमचं तसं दिसत नाही.

येत्या आठ-दहा दिवसांत नक्की होणारी, तुमच्या आवडीची एखादी छोटी गोष्ट निवडा आणि तिचा एकच तुकडा घ्या. चार रात्रींत त्यात नवीन काही दिसेनासं झालं तर तुकडा बदला. आणि मन 'तेव्हा किती छान वाटेल' असं म्हणू लागलं, की समजा, मापाची पट्टी परत बाहेर आलीय.