एकच फॉलिकल का निवडलं जातं

पिट्युटरी ग्रंथीतून येणारं एफएसएच हे संप्रेरक 'एक फॉलिकल निवडतं' असं पाठ करू नकोस. ते फॉलिकल्सच्या, म्हणजे अंडाशयातल्या बीजांड असलेल्या छोट्या पिशव्यांच्या, गटाला वाढवतं, निवड होते ते कमी झाल्यावर. आधीच्या चक्राच्या शेवटी कॉर्पस ल्युटियम, म्हणजे बीजांड सुटल्यावर उरलेलं फॉलिकल, मावळतं, त्यातून येणारी इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि इनहिबिन-ए ही संप्रेरकं घसरतात आणि पिट्युटरीवरचा लगाम सुटतो. एफएसएच वाढतं, उंबरठा ओलांडतं आणि त्या वेळी तयार असलेली छोटी फॉलिकल्स वाढू लागतात.

समज, चक्राच्या तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत ४ ते ६ मिमीची सात फॉलिकल्स दिसली. यातलं पुढे जाणारं कोणतं, हे तेव्हा सांगता येत नाही. आठव्या दिवशी एक ११ मिमीचं असतं, बाकीची मागे पडलेली. वाढत्या गटाच्या इस्ट्रोजेन आणि इनहिबिन-बीमुळे एफएसएच उतरतं. मोठ्याकडे एफएसएचचे रिसेप्टर जास्त, शिवाय त्याच्या आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींवर एलएच या पिट्युटरीच्या दुसऱ्या संप्रेरकाचेही आलेले, म्हणून त्याचं थोडक्यात भागतं. इतरांची उपासमार होते आणि ती विरतात. ते एक मात्र रोज साधारण २ मिमी वाढून बाराव्या दिवशी १९ मिमीच्या आसपास पोचतं.

आयव्हीएफमध्ये रोजच्या इंजेक्शनने एफएसएच उतरूच देत नाहीत, म्हणून अनेक फॉलिकल्स वाढतात. मात्र गटात मुळात नसलेली फॉलिकल्स डोस वाढवून आणता येत नाहीत.