किल्ल्यांचं रजिस्टर: परतीचा रकाना कसा भरायचा

प्रश्न: आमच्या सोसायटीत डुप्लिकेट किल्ल्यांचं रजिस्टर आहे, वॉचमन सह्याही घेतो, तरी वर्षात दोन-तीन किल्ल्या गायब होतातच. नेमकं काय चुकत असेल?

मी वडोदऱ्यात राहतो. आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीत किल्ल्यांचं काम सहा वर्षं माझ्याकडे होतं. तुमचं वाचून वाटतं की तुमच्याकडे सह्या आहेत, पण किल्ली परत करणाऱ्याच्या. परत घेणाऱ्याची सही बहुधा नसेल. आमच्याकडेही नव्हती, आणि ते आम्हाला उत्तरायणाच्या पतंगांच्या दिवसांत कळलं.

१३ जानेवारीला संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने गच्ची झाडायला म्हणून तीन किल्ल्या नेल्या: गच्चीचं दार, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि लिफ्टची मशीन रूम. रजिस्टरमध्ये एकच ओळ होती: 'गच्ची वगैरे, ६ वाजता.' वॉचमनला पुन्हा वही काढायची नव्हती, म्हणून त्याने परतीची सहीही तेव्हाच घेऊन ठेवली. १४ आणि १५ तारखेला, म्हणजे वासी उत्तरायण संपेपर्यंत, त्या किल्ल्या कोणाकोणाच्या खिशात फिरल्या देव जाणे. १६ तारखेला लिफ्ट बंद पडली. आत कोणी नव्हतं हे नशीब. कारागीर आला, 'मशीन रूम' असा बिल्ला लावलेली किल्ली हूकवर होती, पण ती दाराला लागेना. कोणीतरी कड्या उघडून किल्ल्या वाटून घेतल्या होत्या आणि परत अडकवताना बिल्ले बदलले होते. मशीन रूमची खरी किल्ली टाकीच्या बिल्ल्याला सापडली. टाकीची किल्ली गच्चीच्या बिल्ल्याला होती आणि गच्चीची तर परत आलेलीच नव्हती, मशीन रूमच्या बिल्ल्याला कोणाच्या तरी घरातली किल्ली लटकत होती. रजिस्टरप्रमाणे मात्र सगळं जमा होतं.

त्यानंतर पहिला नियम केला, एका किल्लीला एक ओळ. तीन किल्ल्या नेल्या तर तीन ओळी. नाहीतर दोन आल्या आणि एक राहिली हे कुठे लिहिणार? किल्ली आणि बिल्ला जाड तारेच्या कडीत घालून कडीची टोकं डाग देऊन बंद करून घेतली. बाजारातली फिरवून उघडणारी कडी घेऊ नका. बऱ्याच कुलपांच्या किल्लीवर आकडे कोरलेले असतात. त्यातले शेवटचे दोन मूळ यादीत लिहून ठेवले की परत घेताना बिल्ल्यावर विसंबून न राहता किल्ली स्वतःच ओळखता येते.

दुसरा बदल म्हणजे 'कधीपर्यंत' हा रकाना. तो नसेल तर परतीचा रिकामा रकाना काहीच सांगत नाही, कारण किल्ली बाहेर असताना तो रिकामाच असणार. 'दिली १०:१५, १२:०० पर्यंत' असं लिहिलं असेल तर १२:३० ला वॉचमन फोन लावू शकतो. वेळ २४ तासांची लिहा. '७' म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे यावरून आमच्याकडे एकदा बरीच भांडणं झाली आहेत. आमचा वॉचमन गुजरातीत लिहितो, म्हणून रकान्यांची नावं गुजरातीत छापून घेतली. भरणाऱ्याच्या भाषेत मथळे नसतील तर तो अंदाजाने भरतो.

परतीच्या बाजूला दोन सह्या हव्यात, आणणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. त्यातली घेणाऱ्याची महत्त्वाची, कारण त्या क्षणापासून किल्ली वॉचमनच्या जबाबदारीत येते. प्लंबरने खाली न येता किल्ली परस्पर इलेक्ट्रिशियनला दिली, तर जुनी ओळ बंद करून नवी काढायला लावा, दोघंही समोर उभे असले तरी.

पाळी बदलताना, आमच्याकडे ८:०० आणि २०:०० ला, एक बेरीज करायची. आमच्या एकूण ४१ किल्ल्या. हूकवर ३८ असतील तर वहीत उघड्या ओळी तीनच असल्या पाहिजेत. हूकवर ३८ आणि उघड्या ओळी दोन, म्हणजे एक किल्ली नोंद न करता गेली. हूकवर ३९ आणि उघड्या ओळी तीन, म्हणजे कोणीतरी सही न करता अडकवून गेलं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि चूक त्याच पाळीत सापडते. अदलाबदल झालेली किल्ली मात्र या बेरजेत दिसत नाही, त्यासाठीच वरची बंद कडी.

रजिस्टर खरोखर भरलं जातंय की संध्याकाळी एकदम, हे ओळखायला मी परतीच्या वेळा बघायचो. किल्ल्या जातात त्या क्रमाने परत येत नाहीत. चौथ्या ओळीची १३:४० ला आणि पाचवीची ११:०५ ला, असं मागेपुढे दिसायला हवं. वरपासून खालपर्यंत वेळा ओळीने चढत गेल्या आहेत, सगळ्या पूर्ण नाहीतर अर्ध्या तासाच्या आहेत आणि शाई एकच आहे, असं दिसलं की समजा ते पान एका बैठकीत भरलंय. त्या दिवशी ओरडत बसू नका, वॉचमनशेजारी तासभर बसा. आमच्याकडे कारण साधं निघालं: वही कपाटात आणि पेन गेटवर. वही-पेन दोरीने बांधून कपाटाच्या दारापाशीच ठेवलं.

कपाटातली जागा आम्ही 'कपाट-फळी-हूक' अशी लिहितो, जसं २-३-०७. पंप, मीटर रूम, लिफ्ट, गच्ची यांच्या बिल्ल्यांवर नाव सरळ लिहा, कारण रात्री अडीच वाजता कोणी संकेत उलगडत बसणार नाही. परदेशी गेलेल्या लोकांनी ठेवलेल्या फ्लॅटच्या किल्ल्यांवर मात्र फक्त आकडा, आणि कोणता आकडा कोणत्या फ्लॅटचा ही यादी सेक्रेटरीच्या घरी. ती यादी गेटवर पडली असेल तर बंद घरांचा पत्ताच दिल्यासारखं झालं. या किल्ल्या मालकाची आडवी सही असलेल्या बंद पाकिटातच घ्या आणि पाळीच्या बेरजेत पाकीट उघडलेलं नाही ना हेही बघा.

कपाट तळघरात किंवा गेटच्या खोलीत जमिनीलगत ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या कपाटाची खालची फळी बुडाली आणि वहीचा लगदा झाला. पाणी चढत असताना मीटर रूमची किल्ली तरी हाती लागली, कारण ती वरच्या हूकवर होती. तेव्हापासून वॉचमन रोज २०:०० ला त्या दिवसाच्या पानाचा फोटो सेक्रेटरीला पाठवतो.

किल्ली हरवलीच, तर तिची डुप्लिकेट काढू नका. त्याच दिवशी कुलूप बदला. यादीतल्या जुन्या ओळीवर लाल रेघ मारून तारीख घाला, आणि तो आकडा नव्या किल्लीला पुन्हा देऊ नका, नाहीतर सहा महिन्यांनी जुनी किल्ली कोणाच्या खणात सापडली की ती खरी की नवी खरी यावर पुन्हा गोंधळ.